कशामागे किती?

आपल्या घरांमध्ये कोणतेही नवे पाकीट उलटून पाहिल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही. समोरचा हिरवा ठिपका पाहून आपले समाधान होत नाही. मागची घटकांची यादी वाचली जाते. कांदा, लसूण किंवा बटाट्याची भुकटी आहे का, जिलेटिन आहे का, रंगासाठी आयएनएस १२० हा क्रमांक दिला आहे का, हे पाहिले जाते, कारण तो लाल रंग कीटकांपासून काढलेला असतो. आमच्या सौभाग्यवतींना असे क्रमांक तोंडपाठ आहेत. चष्मा न लावता त्या ते कसे वाचतात, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

मात्र त्याच यादीशेजारी आकड्यांचा एक छोटा तक्ता असतो. तो आमच्या घरात कोणीही वाचत नसे, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी आणि बँकेतील आयुष्यभराची नोकरी पाठीशी असूनही त्या तक्त्याकडे कधी लक्ष गेले नाही. लक्ष गेले तेव्हा मी तो चुकीचा वाचला, आणि ती चूक साऱ्या परिवारात पसरवली. त्या चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची ही हकिगत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, पुण्याहून सिन्नरला आली होती. तिच्याबरोबर तिचा सहा वर्षांचा भाऊही होता. नात महाविद्यालयात शिकते आणि मोबाईलवर लहान चित्रफिती करण्यात तरबेज आहे. एके दुपारी ती म्हणाली, "नानाजी, आपल्या परिवाराच्या ग्रुपवर तुम्ही रोज सुविचार पाठवता, पण ते कोणी उघडून पाहतं का? आपण एका मिनिटाची व्हिडिओ करू. पाकिटातली साखर कशी वाचायची, एवढंच दाखवू. आकडे तुम्ही सांगा, चित्रीकरण माझं." आमच्या ग्रुपमध्ये सिन्नर, नाशिक, संगमनेर आणि येवला येथील सुमारे दीडशे माणसे आहेत. बहुतेकांचा व्यापार किराण्याचा, कापडाचा किंवा धान्याचा, आणि निम्म्या घरांत मधुमेहाची गोळी. विषय मला पटला.

माझा धाकटा चुलतभाऊ बाजारपेठेत किराणा मालाचा घाऊक व्यापार करतो. त्याच्याच दुकानातून आम्ही दोन वस्तू आणल्या. एक होते क्रीमच्या बिस्किटांचे ६० ग्रॅमचे पाकीट, तर दुसरी होती आंब्याच्या शीतपेयाची ६०० मिलिलिटरची बाटली. खिडकीपाशी बसून मी तक्ता वाचला. बिस्किटावर वरून घातलेल्या साखरेपुढे ३५ ग्रॅम असे छापले होते आणि पेयावर १२ ग्रॅम. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते, हे मला ठाऊक होते. मी कॅमेऱ्याकडे पाहून, जरा आवाज चढवूनच म्हणालो, "पाहा, या एवढ्याशा बिस्किटाच्या पाकिटात ३५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे! आणि या पेयात १२ ग्रॅम, म्हणजे तीनच चमचे." अठ्ठावन्न सेकंदांत काम झाले. नातीने खाली संगीत टाकले आणि रात्री आठ वाजता चित्रफीत ग्रुपवर गेली. साडेआठपर्यंत तिच्याखाली हात जोडलेल्या आणि अंगठा दाखवणाऱ्या चित्रांची रांग लागली होती. ती आणखी कोणत्या ग्रुपांवर पुढे पाठवली गेली, याची मोजदाद आमच्याजवळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच चुलतभाऊ घरी आला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण बसला मात्र नाही. खिशातून त्याच बिस्किटाचे पाकीट काढून त्याने माझ्यासमोर ठेवले. "भाऊ, तुम्ही म्हणालात या पाकिटात ३५ ग्रॅम साखर आहे. पाकीट आहे ६० ग्रॅमचं. मग उरलेल्या २५ ग्रॅममध्ये मैदा, तेल आणि क्रीम सगळं बसवलं का त्यांनी? तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

मी चष्मा लावून वाचले. तक्त्याच्या डोक्यावर 'पर १०० ग्रॅम' असे लिहिले होते. ३५ ग्रॅम साखर शंभर ग्रॅम बिस्किटांमागे होती, त्या पाकिटात नव्हती. ६० ग्रॅमच्या पाकिटात ३५च्या शेकडा साठ, म्हणजे २१ ग्रॅम साखर होती. चमच्यांत सांगायचे तर पाच चमच्यांहून किंचित अधिक. मी नऊ चमचे सांगितले होते.

तो म्हणाला, "हा माल माझ्या गोदामात आहे, म्हणून मी बोलायला आलो असं समजू नका. साखर जास्त आहे हे तुमचं खरंच आहे. पण आकडा खोटा गेला की उद्या तुमचं खरंही कोणी ऐकणार नाही."

वाचकहो, बँकेत कॅशची बेरीज एका रुपयाने चुकली तरी रात्री नऊपर्यंत सारी शाखा थांबवून ठेवणारा मी! चेहऱ्यावरचा ओशाळेपणा लपवण्यासाठी मी उठून ती पेयाची बाटली हातात घेतली, आणि तेव्हा खरा धक्का बसला. तिच्यावरही 'पर १०० मिलिलिटर' असेच लिहिले होते. बाटली ६०० मिलिलिटरची. बाराला सहाने गुणले की ७२ ग्रॅम, म्हणजे अठरा चमचे. मी तीन सांगितले होते.

म्हणजे चूक एकच होती, पण ती दोन उलट्या दिशांना गेली. शंभरापेक्षा लहान पाकिटाला तिने गुन्हेगार ठरवले आणि शंभरापेक्षा मोठ्या बाटलीला निर्दोष सोडले. माझ्या चित्रफितीत बिस्किटात पेयाच्या तिप्पट साखर होती. प्रत्यक्षात त्या बाटलीत त्या पाकिटाच्या तिपटीहून अधिक साखर निघाली. चुलतभावाने फक्त बिस्किटाची चूक पकडली होती. बाटलीचे त्याच्या लक्षात आले नव्हते आणि मी बोललो नसतो तर आलेही नसते. बाटल्यांचा साठा बिस्किटांहून मोठा होता आणि उन्हाळ्याचे दिवस होते. मी हिशेब त्याच्यापुढे ठेवला. तो क्षणभर गप्प राहिला, आणि म्हणाला, "मग तेही सांगा."

ज्याने आयुष्यभर व्याजाचे दर पाहिले, त्याच्या हातून ही चूक व्हावी याचे मला विशेष वाईट वाटले, कारण चूक अगदी माझ्या ओळखीची होती. पूर्वी बाजारात "दीड टक्का" असे म्हणत. नवा कर्जदार तो आकडा ऐकून खूश होई. तो दीड टक्का दरमहा असतो, वर्षाचे अठरा होतात, हे त्याला नंतर कळे. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे की, दर ऐकू नका, आधी तो कशामागे आणि किती मुदतीसाठी आहे ते विचारा. पाकिटावरच्या साखरेचाही हाच नियम आहे. आकडा सुटा कधीच वाचायचा नाही. आधी "कशामागे?" हे विचारायचे.

आता तो तक्ता नेमका कसा असतो ते सांगतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. एकूण साखरेत दूध, फळे, माल्ट यांत मुळातच असलेली साखरही धरलेली असते. वरून घातलेली म्हणजे कारखान्यात ओतलेली. हे आकडे १०० ग्रॅममागे, १०० मिलिलिटरमागे किंवा एकदाच खाऊन संपवायच्या लहान पाकिटाच्या पूर्ण वजनामागे देण्याची मुभा आहे. म्हणून स्तंभाचे डोके दर वेळी वाचावे लागते. शेजारच्या पाकिटावर १०० ग्रॅम होते म्हणून याही पाकिटावर तेच असेल, असे धरून चालत नाही.

त्याच्याच बाजूला आणखी एक स्तंभ असतो, 'पर सर्व्ह'. एका वेळच्या वाढपामागे दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो, ते तेथे दिलेले असते. हे टक्के दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने काढतात आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. या ५० ग्रॅमचा उगम सोपा आहे. साखरेच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ कॅलरी मिळतात. ५० ग्रॅमच्या २०० कॅलरी झाल्या, म्हणजे २०००चा दहावा हिस्सा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५मध्ये हीच दहा टक्क्यांची कमाल मर्यादा सांगितली आहे, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत राहणे अधिक हिताचे, असेही सुचवले आहे.

वरवर पाहता 'पर सर्व्ह'चा स्तंभ अधिक सोयीचा वाटतो, कारण गुणाकार आधीच करून दिलेला असतो. पण वाढपाचे माप पाकिटावर छापलेले असते, आपल्या ताटाशी त्याची गाठ पडतेच असे नाही. त्या आंब्याच्या बाटलीवर वाढप २०० मिलिलिटरचे होते. त्यात २४ ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचे ४८ टक्के. पण जी बाटली माणूस उन्हात उभा राहून एकट्याने संपवतो, तिच्यात अशी तीन वाढपे असतात. ४८ टक्के वाचून "निम्मीच झाली" असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात १४४ टक्के घेतलेले असतात.

याच दोन स्तंभांवरून आपल्या देशात मोठा वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. एप्रिल २०२३मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरील लेबल वाचून दाखवणारी एक छोटी चित्रफीत केली. डब्याचा जवळजवळ निम्मा भाग साखर आहे, असा त्याचा रोख होता. ती लाखो लोकांनी पाहिली. उत्पादक मोंडेलीझ कंपनीने त्याला कायदेशीर नोटीस पाठवली आणि त्याने चित्रफीत काढून टाकली. कंपनीने आपल्या निवेदनात सांगितले की, २० ग्रॅमच्या एका वाढपात वरून घातलेली साखर ७.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चमचा आहे आणि ती मुलांच्या दैनंदिन मर्यादेपेक्षा बरीच कमी आहे.

आता बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहा. एक बाजू म्हणते निम्मा डबा, दुसरी बाजू म्हणते दीड चमचा. ऐकणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एक जण खोटे बोलत असणार. पण २० ग्रॅममागे ७.५ म्हणजे शंभरामागे ३७.५, म्हणजे कंपनीच्याच आकड्यावरून तिसऱ्या हिश्शाहून अधिक माल ही वरून घातलेली साखर ठरते. त्या तरुणाने एकूण साखर धरली होती, म्हणजे दूध आणि माल्टमधलीही, आणि ती शंभरामागे वाचली होती. कंपनीने फक्त वरून घातलेली धरली आणि ती वाढपामागे सांगितली. लेबल एकच होते, पण ओळ वेगळी होती आणि 'कशामागे' याचे उत्तरही वेगळे होते. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वरून घातलेली साखर सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्याच्या बातम्या आल्या. शंभरामागे सदतीसच्या वर असलेला आकडा बत्तीसच्या आसपास आला. लेबल लोक वाचू लागले आहेत, ही बाब त्यामागे नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

हे नातीला समजावून सांगत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा धाकटा भाऊ दुधाचा पेला घेऊन आला. त्याच्या दुधातही अशीच एक माल्टची भुकटी असते. नात म्हणाली, "नानाजी, यातली २० ग्रॅम भुकटी म्हणजे किती, ते आपण मोजलं का कधी?"

आम्ही चुलतभावाच्या दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. सौ.ना म्हटले, नेहमी घालता तशीच भुकटी या वाटीत घाला. त्यांनी प्रेमाने शीग लावून दोन मोठे चमचे घातले. काट्यावर आकडा आला ३४ ग्रॅम. डब्यावरचे वाढप २० ग्रॅमचे. डब्यावर वरून घातलेली साखर शंभरामागे ३० होती. म्हणजे छापील वाढपात ६ ग्रॅम आणि आमच्या पेल्यात दहा ग्रॅमहून थोडी अधिक. नातू असे दोन पेले पितो, म्हणून वीस ग्रॅम. शिवाय त्याला दूध गोड लागावे म्हणून सौ. प्रत्येक पेल्यात एक सपाट चमचा साखर वेगळी घालत असत. तिचे आठ ग्रॅम. एकूण अठ्ठावीस.

डब्यावरील टक्केवारी मात्र सांगत होती, दिवसाच्या मर्यादेच्या १२ टक्के. ती एका छापील वाढपाची होती आणि प्रौढ माणसाच्या ५० ग्रॅमवर काढलेली होती. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात. त्याचा दहावा हिस्सा १४० कॅलरी, म्हणजे ३५ ग्रॅम साखर. त्या मर्यादेपैकी अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे ८० टक्के, बिस्कीट, चॉकलेट, आइसक्रीम यांपैकी काहीही तोंडात जाण्यापूर्वी फक्त दुधाच्या दोन पेल्यांत संपत होती.

सौ. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "डब्यावर शक्ती लिहिलंय म्हणून मी चमचा भरून घालत होते." त्या वाक्याने मला चित्रफितीतल्या चुकीपेक्षाही अधिक अस्वस्थ केले. घटकांची यादी त्यांनी नेमाने वाचली होती. माल्ट, साखर, दूधभुकटी, सारे शाकाहारी, सारे चालणारे. तक्ता वाचायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, आणि जो शिकवायला निघाला होता, त्याला तो स्वतःलाच वाचता येत नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही दुसरी चित्रफीत केली. या वेळी पंचाहत्तर सेकंद लागली. ती कशी केली ते सविस्तर सांगतो, म्हणजे आपल्याही घरातील मुलांना करता येईल.

पहिल्या वेळी चमकदार पाकीट हातात धरल्यामुळे त्यावर उजेड चकाकत होता आणि अक्षरे दिसतच नव्हती. पाहणाऱ्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. या वेळी पाकीट रिकामे करून, कापून, पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने सपाट लावले आणि तिरक्या उजेडात त्याचे स्थिर छायाचित्र घेतले. तक्ता पडदाभर मोठा दिसला. माझ्या बोटाऐवजी नातीने त्यावर एक लाल चौकट फिरवली.

सुरुवातीची दहा सेकंदे चुकीच्या कबुलीला दिली. "काल मी दोन आकडे चुकीचे सांगितले. बिस्किटाच्या पाकिटात साखर नऊ चमचे नसून पाच आहे. पेयाच्या बाटलीत तीन नसून अठरा आहे." कारण कालची चित्रफीत ग्रुपवरून काढली, तरी पुढे गेलेल्या प्रती परत येत नाहीत. त्यांच्या मागे दुरुस्तीच धावू शकते, आणि ती पहिल्या वाक्यातच हवी. शेवटपर्यंत पाहणारे थोडेच असतात.

पुढे चार चित्रे. पहिल्यात पाकिटाचे निव्वळ वजन. दुसऱ्यात तक्त्याचे डोके, म्हणजे 'कशामागे'. तिसऱ्यात 'ॲडेड शुगर्स' ही एकच ओळ. चौथ्यात मी कागदावर गुणाकार करतो. शंभरामागचा आकडा, गुणिले मी प्रत्यक्ष खाणार तेवढे वजन, भागिले शंभर. उत्तराला चारने भागले की चमचे. पडद्यावर प्रत्येक आकडा निदान तीन सेकंद थांबला पाहिजे, हा नातीचा नियम. कोणताही आकडा त्याच्या 'मागे' शिवाय उच्चारायचा नाही, हा माझा नियम. "पस्तीस" असे एकदाही म्हटले नाही, दर वेळी "शंभर ग्रॅममागे पस्तीस" असेच म्हटले. ऐकायला जरा कंटाळवाणे होते खरे, पण पहिल्या दिवशीची सारी चूक त्या गाळलेल्या दोन शब्दांत होती.

शेवटी काट्यावर काचेची वाटी ठेवून त्यात अठरा चमचे साखर एकेक करून घातली आणि शेजारी ती बाटली ठेवली. बोलण्याची गरज उरली नाही.

दोन गोष्टी पंचाहत्तर सेकंदांत बसल्या नाहीत, त्या येथे नोंदवतो. पहिली मधुमेह असणाऱ्यांसाठी. साखरेची ओळ कमी दिसली म्हणून पदार्थ निर्धोक ठरत नाही. मैदा, स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिनसारखे घटक साखरेच्या ओळीत सहसा दिसत नाहीत, पण रक्तातील साखर मात्र वाढवतात. ते त्याच तक्त्यातील 'कार्बोहायड्रेट' या ओळीत मोजलेले असतात. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटाची ती ओळ एकदा वाचून पाहावी, आणि आपल्याला किती चालेल ते डॉक्टरांना विचारावे. दुसरी गोष्ट घटकांच्या यादीची. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. त्यात साखर तिसरी आणि ग्लुकोज सिरप पाचवे दिसले, तर दोन्हींची बेरीज मनात करावी. वेगवेगळ्या नावांनी विभागली की प्रत्येकीचा क्रमांक खाली जातो. ती बेरीज 'ॲडेड शुगर्स'च्या ओळीत मात्र एकत्रच सापडते, म्हणून शेवटी तक्त्याकडेच यावे लागते.

आणि आपल्या मिठायांवर, घरच्या लाडवांवर कोणताही तक्ता नसतो. तेथे काटाच वापरावा लागेल. हे वाक्य मी चित्रफितीत घातले होते. सौ.नी ते दिवाळीपर्यंत थांबवायला सांगितले.

दुरुस्तीची चित्रफीत पहिलीइतकी पसरली नाही. अंगठेही निम्मेच आले. पण त्या आठवड्यात येवल्याहून एका भाचीचा फोन आला. तिने आपल्या मुलाच्या डब्यातील फळांच्या पेयाचा हिशेब करून मला सांगितला आणि बरोबर आहे का, असे विचारले. बरोबर होता. संगमनेरच्या एका व्याह्यांनी मात्र पहिल्याच चित्रफितीतील नऊ चमचे दुसऱ्या कोणाला सांगितल्याचे कळवले. त्यांना मी पुन्हा पाच सांगितले.

चुलतभावाने दुकानातील तो काटा आता आतल्या कपाटात न ठेवता गल्ल्याजवळ ठेवला आहे. आंब्याच्या बाटल्या तो अजूनही विकतो. मी त्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाला, "भाऊ, माल विकणं माझं काम आहे. पण कोणी विचारलं की एका बाटलीत किती, तर शंभरामागचा आकडा सांगून मोकळा होणार नाही. पूर्ण बाटलीचा सांगेन." विकणाऱ्याने याहून अधिक काय करावे, हे मला तरी सुचत नाही.

घरी आता भुकटीच्या डब्यात सपाट भरायचा एक लहान चमचा ठेवला आहे. तो दोनदा घातला की २० ग्रॅम होतात, हे काट्यावर पाहून ठरवले. वेगळी साखर बंद झाली. पहिल्या दिवशी नातवाने घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि "नानी, आज गोड नाही" असे सांगितले. दुसऱ्या दिवशीही सांगितले. पाचव्या दिवशी त्याने पेला संपवला, पण तोंड वाकडे करूनच. सुट्टी संपून तो पुण्याला गेला, तेव्हा सौ.नी तो लहान चमचा त्याच्या आईच्या पिशवीत घातला आणि त्याच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिले, "सपाट, दोन."